नावांवरचे आकडे आणि खुणा

ग्राफीनचा शोधनिबंध २२ ऑक्टोबर २००४ रोजी ‘सायन्स’मध्ये आला, तेव्हा त्यावर आठ नावे होती. नोव्होसेलोव्ह पहिले, गाइम दुसरे. पाच जण मँचेस्टर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे, त्यांच्या नावावर १. तिघे रशियातल्या चेर्नोगोलोव्हकाच्या संस्थेतले, त्यांच्यावर २.

हे आकडे ज्येष्ठतेचे आहेत, असे पहिला निबंध लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना वाटते. पण आकडा असतो संस्थेचा. नावे डावीकडून वाचत जायचे. जी संस्था आधी भेटेल ती १, नंतरची नवी संस्था २. म्हणून इथे तिसरे मोरोझोव्ह यांच्यावर २ येतो आणि चौथे जियांग यांच्यावर पुन्हा १. शेवटच्या क्षणी लेखकांचा क्रम बदलला, तर आकडे पहिल्यापासून लावावे लागतात. ते राहून गेले की यादीत ३ हा २च्या आधी येतो, आणि चूक तिथेच कळते.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो: आज जिथे नोकरी, तोच पत्ता द्यायचा. पत्ता द्यायचा तो काम जिथे झाले तिथला. मँचेस्टरमध्ये पीएचडी करून पुण्यात रुजू झालेल्या संशोधकाने प्रयोग मँचेस्टरचे असतील तर मँचेस्टरच लिहावे. पुण्याचा पत्ता ‘सध्याचा पत्ता’ म्हणून वेगळ्या खुणेने तळटीपेत द्यावा. संस्थेचे नावही पूर्ण हवे. नुसते ‘मँचेस्टर’ लिहिले तर मँचेस्टर विद्यापीठ की मँचेस्टर मेट्रोपॉलिटन, हे कळणार कसे? दोन्ही ऑक्सफर्ड रोडलाच आहेत.

करस्पॉन्डिंग ऑथर म्हणजे गटप्रमुख, हेही खरे नाही. निबंध पाठवणे, परीक्षकांच्या शंकांना उत्तरे देणे, छापून आल्यावर कुणी विदा मागितला तर तो पुरवणे, ही ती जबाबदारी. ग्राफीनच्या निबंधात ती दुसऱ्या क्रमांकाच्या गाइम यांच्याकडे होती. पीएचडीच्या विद्यार्थ्याकडेही ती असू शकते, पण विद्यापीठाचा ईमेल पदवीनंतर अनेकदा बंद होतो, म्हणून टिकेल असाच पत्ता द्यावा.

समान योगदानाची टीप मात्र मला अपुरी वाटते. दोघांच्या नावावर एकच खूण लावायची आणि खाली ‘या लेखकांचे योगदान समान आहे’ असे लिहायचे, एवढेच ते काम. त्यासाठी करस्पॉन्डिंग ऑथरची चांदणी वापरू नये. एका खुणेचा एकच अर्थ असावा. पण ही खूण संदर्भयादीत जात नाही. तिथे बहुधा ‘नोव्होसेलोव्ह आणि इतर’ असेच छापले जाते. म्हणून पहिले नाव कुणाचे, हे समान योगदान असले तरी आधीच बोलून ठरवावे लागते. आणि कुणी नेमके काय केले ते लेखक-योगदानाच्या परिच्छेदात नोंदवावे.