शिफारसपत्र मागणारा ईमेल

अमेरिकेत एमएस करायचं तर बहुतेक विद्यापीठं तीन शिफारसपत्रं मागतात. अर्जाच्या मुदती साधारण डिसेंबर-जानेवारीत येतात, म्हणून नोव्हेंबरात प्राध्यापकांकडे विनंतीच्या मेलची रीघ लागते. त्यातल्या कित्येकांत मजकूर एवढाच असतो: 'सर, मी आपला विद्यार्थी. एमएससाठी शिफारसपत्र हवं आहे.' वर्षाला शे-दीडशे मुलं शिकवणाऱ्या सरांना चेहरा आठवला, तरी लिहायचं काय? मग मेहनती, प्रामाणिक, शिस्तप्रिय असं कुणालाही चालणारं पत्र जातं आणि प्रवेश समितीला त्यातून काहीच हाती लागत नाही.

मेलने मुख्यतः सरांची आठवण जागी करायला हवी. समजा, मेकॅनिकलची एक विद्यार्थिनी हीट ट्रान्सफर शिकवणाऱ्या मॅडमना लिहिते आहे. त्या विषयातली तिची ग्रेड गुणपत्रिकेत आहेच. मॅडमनी स्वतः पाहिलेलं असं तिने लिहावं: 'तिसऱ्या वर्षी हीट एक्स्चेंजरच्या प्रॅक्टिकलमध्ये गरम पाण्याने दिलेली आणि गार पाण्याने घेतलेली उष्णता जुळत नव्हती. तापमान स्थिर होण्याआधीच आम्ही रीडिंग घेत होतो, हे माझ्या लक्षात आलं आणि तुमच्या परवानगीने मी प्रयोग पुन्हा केला.' या दोन वाक्यांवर मॅडम अख्खा परिच्छेद लिहू शकतात, कारण त्या तिथे हजर होत्या.

त्यानंतर थेट विचारावं: 'या आधारावर माझ्याबद्दल ठामपणे लिहिणं तुम्हाला शक्य होईल का?' असं विचारलं की नकार द्यायलाही वाट राहते, आणि ती ठेवायलाच हवी. कारण पत्रासोबत अनेकदा एक फॉर्म असतो. हा विद्यार्थी वर्गातल्या वरच्या पाच टक्क्यांत बसतो की दहा, असं त्यात विचारतात. नाइलाजाने होकार देणाऱ्याचं मन तिथे उघडं पडतं.

मॅडम हो म्हणाल्या, की विद्यापीठांची नावं, प्रत्येकाची मुदत, रेझ्युमे, गुणपत्रिका आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज एकाच मेलमध्ये पाठवावं. मुदतीला महिना-सव्वा महिना हाताशी असावा. अर्जात मॅडमचा कॉलेजचा अधिकृत ईमेल भरायचा. जीमेलचा पत्ता काही विद्यापीठं स्वीकारत नाहीत. पत्र चढवण्याची लिंक विद्यापीठाकडून थेट त्यांना जाते आणि पुष्कळदा स्पॅममध्ये पडते, तेव्हा ती मिळाली का, हे विचारून घ्यावं.

आपल्याकडे 'तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो' असं सर्रास ऐकू येतं. हे मला मुळीच पटत नाही. एकाच हाताने लिहिलेल्या तीन पत्रांत तेच शब्द, तीच वाक्यरचना येते आणि वाचणाऱ्याला ते चटकन कळतं. असं सांगितलं गेलं, तर ड्राफ्टऐवजी मुद्दे द्यावेत: कोणता प्रयोग, कोणतं सेमिस्टर, काय अडलं, काय केलं. वाक्यं सरांनाच लिहू द्यावीत.