दहा मिनिटांच्या भाषणाच्या तीन संहिता

एप्रिल 1904. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात 29 वर्षांचा एक खासदार कामगार संघटनांच्या विधेयकावर बोलत होता. नाव विन्स्टन चर्चिल. तोवर त्याची रीत ठरलेली होती. भाषण आधी पूर्ण लिहायचं, शब्दन् शब्द पाठ करायचा आणि मग उत्स्फूर्त बोलल्यासारखं सादर करायचं. त्या दिवशीही भाषण बराच वेळ चांगलं चाललं होतं. शेवटाकडे येताना एका वाक्याच्या मधोमध त्याला पुढचं आठवेना. त्याने मागचे शब्द पुन्हा उच्चारून पाहिले, खिसे चाचपले, शेजारच्यांनी काही शब्द पुरवले, पण दुवा सापडला नाही. अखेर ऐकून घेतल्याबद्दल सभागृहाचे आभार मानून तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

त्यानंतर चर्चिल मोठ्या भाषणाला हातात टिपणं घेतल्याशिवाय सहसा उभे राहिले नाहीत. दुसऱ्या महायुद्धातली त्यांची गाजलेली भाषणं कागदावरून केलेली आहेत. त्या कागदांवरची मांडणी मात्र नेहमीच्या गद्यासारखी नव्हती. ओळी तोकड्या, श्वासागणिक तोडलेल्या आणि पायरी-पायरीने आत सरकवलेल्या असत. पान पाहिलं तर मुक्तछंदातली कविता वाटावी. चर्चिल यांनी पाठांतर सोडून वाचन धरलं तेव्हा त्यांच्या संहितेचं रूपही पालटलं, हे यातलं लक्षात घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे नेमकं हेच राहून जातं. लेख लिहावा तसं भाषण लिहिलं जातं. मग त्याच मजकुराचं कुणी पाठांतर करतं, कुणी त्यातले शब्द अधोरेखित करून त्याला मुद्दे म्हणतं, कुणी तो तसाच माइकसमोर वाचतं. तिन्ही ठिकाणी अडचण होते आणि दोष सभाधीटपणाच्या अभावाला दिला जातो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा आहे. एका सभासदाला गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरवेलमध्ये सोडण्याचा प्रस्ताव मांडायचा आहे आणि त्यासाठी दहा मिनिटं मिळाली आहेत. मराठीत सावकाश, समजेल असं बोलायचं तर मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात. म्हणजे हाताशी हजार-बाराशे शब्द आहेत. पहिल्या मसुद्यात त्यांनी असं वाक्य लिहिलेलं असतं: ‘पुण्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडत असल्याने आपल्या इमारतीच्या 200 चौरस मीटर गच्चीवर पडणाऱ्या 1,40,000 लिटर पाण्यापैकी बाष्पीभवन व गळतीचे 20 टक्के वजा जाता उरणारे 1,12,000 लिटर पाणी बोअरवेलच्या पुनर्भरणासाठी वापरता येईल.’

डोळ्यांनी वाचताना हे वाक्य कळतं. कानाला ते झेपत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ऐकणाऱ्याला सगळे आकडे मनात धरून ‘येईल’पर्यंत थांबावं लागतं आणि बोलणाऱ्याचा श्वास त्याआधीच संपतो. हे वाक्य मोडावंच लागेल. ते कसं मोडायचं, हे पुढे कोणती पद्धत वापरायची आहे त्यावर ठरतं.

पाठांतराची गोष्ट आधी. पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याला ओढून आणतं. त्यामुळे मधलं एक निसटलं की पुढचं सगळं अडतं. चर्चिल यांनी मागचे शब्द पुन्हा उच्चारून पाहिले ते हा दुवा परत जोडण्यासाठीच. सारख्या सुरुवातीची वाक्यं तर हमखास फसवतात. दोन परिच्छेद ‘आज आपल्यासमोर प्रश्न आहे’ असे सुरू होत असतील, तर घाबरलेली स्मृती पहिल्यावरून थेट दुसऱ्याच्या पुढे उडी मारते आणि मधली तीन मिनिटं गायब होतात.

म्हणून पाठांतराच्या संहितेत प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात वेगळी हवी आणि शक्यतो डोळ्यांसमोर येईल अशा वस्तूने व्हावी. एक परिच्छेद गच्चीचा, पुढचा पन्हाळीचा, त्यापुढचा गाळणीच्या खड्ड्याचा, शेवटचा बोअरवेलचा. पाणी ज्या वाटेने जातं त्याच वाटेने भाषण गेलं, तर क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही. आकडेही एकातून दुसरा निघतील असे मांडावेत: ‘एक मिलिमीटर पाऊस पडला, की एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी जमतं. आपली गच्ची दोनशे चौरस मीटर. म्हणजे एक मिलिमीटरला दोनशे लिटर. आणि पुण्यात पाऊस पडतो साधारण सातशे मिलिमीटर.’ आता एक लाख चाळीस हजार हा आकडा विसरला तरी बिघडत नाही. बोलणारा तो सभेसमोर गुणाकार करून काढू शकतो आणि ऐकणारेही त्याच्याबरोबर हिशेब करतात.

सरावाची रीतही बदलावी लागते. रोज पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली की पहिली चार मिनिटं घट्ट बसतात आणि शेवट कच्चा राहतो. वक्तृत्व स्पर्धांतली कितीतरी मुलं सातव्या मिनिटाला अडखळतात ती यामुळेच. परिच्छेदांची पहिली वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून त्या मिसळाव्यात, हाताला येईल त्या चिठ्ठीपासून पुढे बोलावं. भाजी निवडताना किंवा जिना चढताना भाषण म्हणता आलं, तर ते पाठ झालं असं समजावं. नुसतं खोलीत डोळे मिटून म्हणता येणं पुरेसं नाही. पाठांतर अर्धवट असलं की समोरच्याला ते लगेच कळतं. वक्त्याची नजर छताकडे जाते, आवाज एका सुरात चालतो, हशा आला तरी तो थांबत नाही. तेवढा वेळ हाताशी नसेल तर पाठांतराच्या वाटेला न जाणंच बरं.

पाठांतरात आणखी एक धोका असतो. सप्टेंबर 2014 मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते एड मिलिबँड यांनी मँचेस्टरच्या अधिवेशनात तासाभराहून मोठं भाषण हातात कागद न घेता केलं. आधीच्या दोन वर्षी त्यांना ते साधलं होतं. या वेळी ते कुठे अडखळले नाहीत, पण अर्थसंकल्पी तुटीवरचा आणि स्थलांतरावरचा तयार मजकूर बोलायचाच राहिला. बातमीदारांच्या हाती छापील मसुदा असल्याने वगळलेला भाग तेव्हाच उघड झाला आणि विरोधकांनी तो पुढे कितीतरी दिवस धरून ठेवला. भाषणात एखादा मुद्दा सुटून चालणारच नसेल, तर तो कुठेतरी लिहिलेला हवा, मग बाकीचं भाषण कितीही तोंडपाठ असो.

संस्थेच्या सभेत मात्र पाठांतर चालणारच नाही, कारण तिथे मध्येच कुणीतरी खर्च विचारणार. तिथे कार्डं उपयोगी पडतात. पोस्टकार्डाएवढे जाड कागद, एका बाजूला लिहिलेले, कोपऱ्यात क्रमांक घातलेले आणि भोक पाडून दोऱ्यात ओवलेले. हातातून पडले तरी क्रम मोडत नाही. दहा मिनिटांना पाच-सहा पुरेत.

कार्डाची संहिता लेख कापून तयार होत नाही. आधी विषय कुणाला तरी तोंडी सांगावा, एका मुद्द्यापासून दुसऱ्यावर जाताना कुठे अडतं ते पाहावं आणि नेमकं तेवढंच कार्डावर उतरवावं. मुद्दा स्वतःचा असला की तो आठवतो. आठवत नाहीत ते आकडे, नावं आणि पुढच्या मुद्द्याकडे नेणारं वाक्य. त्यामुळे आपल्या सभासदाचं तिसरं कार्ड असं होईल:

3 (साडेतीन मिनिटं)
1 मिमी × 1 चौ. मी. = 1 लि.
200 × 700 = 1,40,000
20 टक्के वजा: 1,12,000
10,000 लिटरचे 11 टँकर
‘मग हे पाणी आज जातं कुठे?’

यातलं शेवटचं वाक्य पूर्ण लिहिलं आहे, कारण चौथं कार्ड त्यानेच उघडतं. कोपऱ्यातली वेळ म्हणजे हे कार्ड सुरू होताना घड्याळात काय दिसायला हवं ते. तिथे पाच मिनिटं झालेली दिसली, तर पुढे कपात करावी लागणार हे तेव्हाच कळतं. नुसतं ‘पाणी – महत्त्व’ असं लिहिलेलं कार्ड आठवड्याने स्वतःलाच उलगडत नाही आणि बारीक अक्षरात भरलेलं कार्ड हे लहान कागदावरचं वाचनच होतं. माणूस कार्डात तोंड घालून दोन-दोन वाक्यं उचलू लागला, तर त्यावर मजकूर जास्त झाला आहे असं समजावं.

आता पूर्ण वाचन. त्याला कमीपणा मानायचं कारण नाही. शोकप्रस्ताव, संस्थेचं अधिकृत निवेदन, कायद्याच्या कचाट्यात सापडू शकेल असा मजकूर वाचूनच दाखवावा. आकाशवाणीवरची भाषणं तर पिढ्यान् पिढ्या कागदावरूनच होत आली आहेत. लेखी संहिता आधी द्यायची आणि ठरलेल्या मिनिटांत ती बसवायची, हा तिथला नेम. कागद पुढ्यात असूनही श्रोत्याला गप्पा ऐकल्यासारखं वाटावं, हे अनेक मराठी लेखक त्या माइकसमोरच शिकले.

वाचनाच्या संहितेत आकडे अक्षरांत लिहावेत. 79 आणि 89 डोळ्यांना जवळचे दिसतात आणि एकोणऐंशी की एकोणनव्वद या गोंधळात वाचणारा थबकतो. ओळ श्वासापाशी तोडावी, विरामाच्या जागी तिरकी रेघ द्यावी:

पुण्यात वर्षाला पाऊस पडतो
साधारण सातशे मिलिमीटर. /
आपली गच्ची आहे दोनशे चौरस मीटर. /
म्हणजे या एका गच्चीवर दरवर्षी पडतं
एक लाख चाळीस हजार लिटर पाणी. //
थोडं उडून जातं, थोडं गळतं. /
तरीही उरतं
अकरा टँकर भरतील इतकं. //

इथे क्रियापद आकड्याच्या आधी आलं आहे, त्यामुळे आकडा ओळीच्या टोकाला एकटा उरतो आणि कानात राहतो. पाठांतराच्या संहितेतला एका लिटरचा हिशेब इथे नाही, कारण कागद हाती असताना आकडा विसरण्याची भीती नाही. एक लाख बारा हजार हाही आकडा काढून त्याच्या जागी टँकर आणले आहेत. कार्डावर तो होता तो कुणी विचारलं तर सांगण्यासाठी.

पानाची तयारीही लागते. टाइप मोठा, अठरा पॉइंटच्या आसपास. मजकूर वरच्या दोन-तृतीयांश भागातच ठेवावा, म्हणजे शेवटच्या ओळीसाठी मान खाली जात नाही आणि आवाज छातीत अडकत नाही. वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपू नये. कागद पिनने टाचू नयेत, सुटे ठेवून बाजूला सरकवावेत. पान उलटल्याचा आवाज माइक मोठा करून ऐकवतो. वाचणारा चुकतोय हे ओळखायची खूण म्हणजे नजर वाक्याच्या मध्यात वर येते आणि वाक्य संपताना पुन्हा कागदात जाते. हवं ते उलट. वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द डोळ्यांत साठवून ते समोर पाहत म्हणावेत, मग सावकाश खाली पाहावं.

प्रत्यक्षात दहा मिनिटांच्या बऱ्याच भाषणांना तिन्हींची सरमिसळ मानवते आणि आपल्या सभासदालाही तेच सोयीचं. पहिली तीन वाक्यं पाठ, कारण तेव्हा हात थरथरत असतात आणि सगळे चेहऱ्याकडे पाहत असतात. मधलं सगळं कार्डांवर. ठरावाचा मजकूर कागदावरून शब्दशः, कारण तो इतिवृत्तात जाणार आहे. राहिली वेळ. आधीच्या वक्त्यांनी वेळ खाल्ला आणि अध्यक्षांनी ‘सहा मिनिटांत आटपा’ असं सांगितलं, तर काय गाळायचं हे तिथे उभं राहून ठरवता येत नाही. म्हणून चौथ्या आणि पाचव्या कार्डाच्या कोपऱ्यात आदल्या रात्रीच लाल फुली मारून ठेवावी. ती दोन कार्डं गाळून तिसऱ्यावरून थेट सहाव्यावर नेणारं वाक्य तिसऱ्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहावं आणि भाषणाचा हा तोकडा अवतारही घड्याळ लावून एकदा मोठ्याने बोलून पाहावा.