‘दाबा’ म्हणायचं की ‘बोट टेकवा’?

काका-काकूंसाठी फोनचा एखादा व्हिडिओ बनवायचा म्हटलं की आपण आधी कॅमेरा, उजेड आणि मागचं संगीत यांचा विचार करतो. बोलायची वाक्यं ऐनवेळी सुचतील तशी येतात. खरी अडचण तिथेच होते. किराणा दुकानातल्या क्यूआर कोडवर यूपीआयने पैसे कसे द्यायचे, हा एकच विषय घेऊन पाहू.

पहिला प्रश्न क्रियापदाचा. आपण सहज ‘बटण दाबा’ म्हणतो. ज्यांचा हात लिफ्ट, मिक्सर आणि टीव्हीच्या रिमोटवर बसलेला आहे, त्यांच्यासाठी दाबणं म्हणजे जोर लावणं. मग ते ॲपच्या चिन्हावर बोट रोवून धरतात. फोनला हे दीर्घ दाबणं वाटतं. ॲप उघडण्याऐवजी छोटी यादी समोर येते, किंवा चिन्ह जागेवरून सरकतं. काकू म्हणतात, ‘फोन बिघडला.’ फोन ठीक असतो, शब्द चुकलेला असतो. ‘टॅप करा’ हे आपल्याला सोपं, पण ज्यांनी तो शब्द फक्त नळासाठी ऐकलाय त्यांना नाही. मला ‘बोट टेकवा आणि लगेच उचला’ हे सर्वांत बरं वाटतं. कुंकवाचं बोट लावावं इतकं हलकं, असं एकदा दाखवलं की पुरतं.

एकदा ‘बोट टेकवा’ ठरलं की शेवटपर्यंत तेच ठेवायचं. शाळेत निबंधात तोच शब्द परत नको असं शिकवलेलं असतं. इथे ते विसरायचं. कधी क्लिक, कधी टच, कधी सिलेक्ट म्हटलं, तर ऐकणाऱ्याला त्या तीन वेगळ्या क्रिया वाटतात.

दुसरा पेच ‘आपण’ या शब्दाचा. मराठीत तो आदराने ‘तुम्ही’ही होतो आणि ‘आपण सगळे’ही. ‘आता आपण आपला पिन टाकायचा’ या वाक्यात पिन कोण टाकणार, पैसे देणारा की दुकानदार? पैशांच्या व्हिडिओत अशी शंका राहू देऊ नये. ‘तुम्ही’ म्हणावं. त्याने मान कमी होत नाही, आपल्या घरांत मामांना, आत्याला तसंच बोलतात. ‘आपणांस विनंती करण्यात येते’ ही बँकेच्या फलकावरची भाषा ऐकली की माणूस सावरून बसतो आणि पुढचं ऐकतच नाही. दुसऱ्या टोकाला लाडिक सूरही नको. बासष्ट वर्षांच्या निवृत्त हेडबाईंना ‘बघा हं आजी’ म्हणून पाहा! ‘अगदी सोपं आहे’ हेही मी गाळतो, कारण जमलं नाही तर ते वाक्य टोचतं.

मग पडद्यावरचे शब्द. इंदूरच्या बऱ्याच घरांत बोलणं मराठी आणि फोन हिंदीत किंवा इंग्रजीत. अशा वेळी ‘देयक अदा करा’ असं शुद्ध मराठी केलं, तर ते पडद्यावर शोधून सापडणार नाही. आधी पडद्यावरचा शब्द जसाच्या तसा वाचावा, मग अर्थ सांगावा: ‘खाली Pay लिहिलंय. पे म्हणजे पैसे द्या.’ खात्यातून पैसे कमी झाल्याचं सांगताना ‘नावे’ हा जमाखर्चातला जुना शब्द मोहात पाडतो. पण ‘तुमच्या नावे दोनशे रुपये’ ऐकून अनेकांना पैसे आले असंच वाटेल. ‘तुमच्या खात्यातून दोनशे रुपये गेले’ यात गोंधळ नाही.

हे सगळं धरून मधला तुकडा असा होतो:

‘दुकानाचं नाव दिसतंय. ते दुकानदाराला वाचून दाखवा. बरोबर असेल तर दोनशे लिहा. आता Pay वर बोट टेकवा आणि उचला. पिन मागितला. हा पिन तुम्हीच टाकायचा, कुणाला सांगायचा नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. पैसे घेताना पिन लागत नाही. पैसे देतो म्हणून कुणी पिन टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या.’

‘पैसे घेताना पिन लागत नाही’ हे वाक्य मी व्हिडिओत दोनदा ठेवतो, तेही सावकाश. ‘सायबर फसवणुकीपासून सावध रहा’ असं म्हटल्याने भीती वाटते, पण नेमकं काय करू नये ते कळत नाही.

व्हिडिओ पाठवण्यापूर्वी घरातल्या एका ज्येष्ठाला दाखवा आणि गप्प बसा. ‘कळलं का?’ विचारलं तर ‘हो’च येणार. त्यापेक्षा दहा रुपये तुम्हालाच पाठवायला सांगा आणि बोट कुठे अडतं ते पाहा. बहुतेक जण ज्या फोनवर व्हिडिओ पाहतात त्याच फोनवर हे करणार, म्हणजे ॲप उघडताच तुमचा आवाज थांबणार. त्यामुळे एका वेळी डोक्यात राहतील एवढ्याच, दोन-तीन कृती सांगा आणि ‘आता व्हिडिओ थांबवून एवढं करून पाहा’ म्हणा. परत व्हिडिओकडे कसं यायचं, हेही मग संहितेत लिहावं लागतं.