मुलगी सज्ञान, तरी वडिलांची परवानगी हवी? हनफी-शाफई मतभेदाचं मूळ ‘कियास’ आणि ‘इज्मा’त

१८६४ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर एक खटला आला. न्यायालय स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद या नावाने तो आजही कायद्याच्या अभ्यासक्रमात वाचला जातो. एका मुलीचे आई-वडील शाफई पंथाचे होते. मुलगी वयात आलेली होती. तिने आपण हनफी मत स्वीकारल्याचं सांगितलं आणि वडिलांच्या संमतीशिवाय निकाह केला. हा विवाह वैध आहे का, हा प्रश्न होता. न्यायालयाने तो वैध ठरवला.

कुराण एक, पैगंबर एक, मग एका मताने वैध असलेला विवाह दुसऱ्या मताने अवैध कसा? तुलनात्मक धर्म आणि कायदा शिकणाऱ्यांना इथेच अडखळायला होतं. उत्तर श्रद्धेतल्या फरकात सापडत नाही. ते नियम काढण्याच्या पद्धतीत आहे.

पनवेलशी याचा संबंध काय?

भारतातले बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी आहेत. कोकणी मुस्लिम मात्र शाफई. पनवेल, उरणपासून थेट रत्नागिरीपर्यंतचा हा समाज समुद्रमार्गे अरबस्तानाशी जोडलेला होता. येमेनकडच्या व्यापाऱ्यांसोबत शाफई मत कोकणात आलं. भटकळ, मलबार आणि इंडोनेशियातही ते असंच पोहोचलं. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) हे याच परंपरेतले विद्वान. हनफी मत उत्तरेकडून, मध्य आशिया आणि दिल्लीच्या वाटेने खाली आलं. मुंबईच्या विस्ताराबरोबर दख्खन आणि उत्तर प्रदेशातली हनफी कुटुंबं पनवेल परिसरात आली आणि दोन्ही मतांचे लोक शेजारी झाले. रोजच्या जगण्यात फरक दिसतो तो छोट्या गोष्टींत. अस्रच्या नमाजाची वेळ शाफई हिशेबाने लवकर सुरू होते, हनफी हिशेबाने उशिरा. लग्नाच्या बाबतीत मात्र फरक बराच खोल आहे.

कियास म्हणजे नेमकं काय?

कुराण आणि हदीस यांत प्रत्येक प्रसंगाचं उत्तर थेट मिळत नाही. मग ज्या प्रसंगाचा नियम माहीत आहे त्याचं कारण शोधायचं आणि तेच कारण नव्या प्रसंगात असेल तर तोच नियम लावायचा, याला कियास म्हणतात. त्या कारणाला ‘इल्लत’ हा शब्द आहे. नियम लावणं सोपं असतं. खरी मारामारी इल्लत कोणती यावर होते.

हे वरच्या खटल्याच्या प्रश्नावरच पाहू. हा जुन्या ग्रंथांमधला नियम आहे, आजचा कायदा वेगळा आहे आणि त्याकडे पुढे येऊच. जुन्या शास्त्रकारांनी एक गोष्ट जवळपास निर्विवाद मानली होती: अल्पवयीन, अविवाहित मुलीचं लग्न वडील तिला न विचारता लावू शकतात. पण का? ती अल्पवयीन आहे म्हणून की कुमारिका आहे म्हणून? या एका मुलीत दोन्ही गोष्टी एकत्र आहेत, त्यामुळे केवळ तिच्याकडे पाहून उत्तर मिळत नाही. हनफींनी ‘अल्पवय’ ही इल्लत मानली, शाफईंनी ‘कौमार्य’.

आता दोन्ही इल्लती वेगळ्या करून पाहा. मुलगी सज्ञान आहे आणि विधवाही आहे, तर अल्पवयही नाही आणि कौमार्यही नाही. तिच्यावर सक्ती नाही, यावर दोघांचं एकमत. पण सज्ञान कुमारिका असेल तर? हनफी म्हणतात, अल्पवय संपलं, वडिलांचा अधिकारही संपला. शाफई म्हणतात, कौमार्य आहे, तेव्हा अधिकार शिल्लक आहे. वडिलांनी तिला विचारणं चांगलं, पण सक्तीचं नाही. अर्थात वर अनुरूप हवा, बाप-लेकीत उघड वैर नको, अशा अटी शाफई ग्रंथांतही आहेत.

गंमत उलट बाजूला आहे. मुलगी अल्पवयीन आहे, पण आधीचा विवाह होऊन सासरी नांदल्यावर विधवा झालेली आहे. इथे हनफी मताने वडिलांचा अधिकार कायम राहतो आणि शाफई मताने तो उरत नाही. ती वयात येऊन स्वतः हो म्हणेपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे ‘हनफी उदार, शाफई कडक’ हे सरसकट समीकरण चुकीचं आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ते हमखास दिसतं. निकाल उदार की कडक हे इल्लत कोणत्या मुलीला लागू होते यावर ठरतं.

इल्लत बरोबर आहे हे ठरवायचं कसं?

हनफी पंडितांचा युक्तिवाद मालमत्तेवरून येतो. मुलीच्या संपत्तीचा कारभार वडील पाहतात तो ती अल्पवयीन असेपर्यंतच. सज्ञान झाली की कुमारिका असली तरी आपली जमीन ती स्वतः विकू शकते. हे शाफईंनाही मान्य आहे. मग अल्पवय हे कारण एका ठिकाणी प्रभावी असल्याचं दोघांनीही कबूल केलंय; लग्नातही तेच का नको? अनोळखी कारणापेक्षा सिद्ध झालेलं कारण बरं, असा हा साधा तर्क आहे.

शाफईंचं उत्तर हदीसमधून येतं. एका हदीसमध्ये पूर्वी विवाह झालेल्या स्त्रीचा स्वतःवर वलीपेक्षा, म्हणजे पालकापेक्षा, अधिक अधिकार सांगितला आहे आणि कुमारिकेचा उल्लेख वेगळा आहे: तिला विचारावं, तिचं गप्प राहणं ही संमती. शाफई म्हणतात, मजकुरानेच दोघींत भेद केलाय, तर भेदाचं कारणही तिथेच आहे. त्याच वाक्यातल्या ‘विचारावं’ या शब्दावर हनफी बोट ठेवतात.

सज्ञान मुलीने वलीशिवाय स्वतः निकाह लावला तर काय, हा पुढचा टप्पा, आणि १८६४ च्या खटल्याचा मुद्दा हाच होता. वलीशिवाय विवाह नाही, या आशयाच्या हदीसवर शाफई ठाम राहतात. मजकूर समोर असताना कियास करायचाच नाही, ही त्यांची शिस्त. हनफी त्या हदीसच्या कथनसाखळीवर शंका घेतात. कुराणातल्या काही आयतींत विवाह करण्याची क्रिया स्त्रीच्याच नावे आली आहे, याकडेही ते लक्ष वेधतात. त्यांच्या प्रचलित मताने असा निकाह वैध. मात्र वर अनुरूप नसेल तर वलीला काझीकडे आक्षेप घेता येतो.

आणखी एक टोक आहे. अकराव्या शतकातल्या कोर्डोव्हाचे इब्न हज्म कियास मुळातच नाकारत. त्यांच्या मते वडील अल्पवयीन मुलीचं लग्न लावू शकतात, कारण त्याला मजकुराचा आधार आहे. पण अल्पवयीन मुलाचं नाही. मुलाला हा नियम इतरांनी मुलीवरून कियास करून लावला आहे, आणि कियास तर त्यांना अमान्य. कियास काढून घेतला की कायदा कसा दिसतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळतं.

आणि इज्मा?

इज्मा म्हणजे विद्वानांचं एकमत. एकदा इज्मा झाला की तो पुरावा ठरतो. पण कुणाचं एकमत?

मदिनेचे इमाम मलिक (निधन ७९५) यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथात नोंद आहे की मदिनेतले दोन नामवंत विद्वान आपल्या कुमारिका मुलींची लग्नं त्यांना न विचारता लावत. त्यावर मलिक सांगतात की आमच्याकडची रीत हीच. मलिकींसाठी मदिनेची रीत हा भक्कम पुरावा होता, कारण पैगंबरांचं शहर तेच. इमाम शाफई (७६७-८२०) हे मलिक यांचेच शिष्य, आणि कुमारिकेबाबत निकालही तोच देतात. तरीही त्यांनी मदिनेच्या एकमताला इज्मा मानायला नकार दिला. एका शहराचे विद्वान म्हणजे सगळा समाज नव्हे. निकाल एक, पुरावा वेगळा.

दुसरा वाद मौनाचा. एखाद्या विद्वानाने मत मांडलं, ते पसरलं आणि कुणीच विरोध केला नाही, तर हनफींच्या मते तोही इज्मा. इमाम शाफईंना हे पटत नव्हतं. गप्प बसलेल्याच्या तोंडी मत घालायचं नाही. कुमारिकेचं मौन ही संमती आणि पंडिताचं मौन ही संमती नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण पहिल्याला हदीसचा आधार आहे, दुसऱ्याला नाही.

तिसरा वाद एकट्या विरोधकाचा. अल्पवयीन मुलीच्या लग्नाबद्दल वर ‘जवळपास निर्विवाद’ म्हटलं ते मुद्दाम. आठव्या शतकातले कुफ्याचे काझी इब्न शुब्रुमा यांनी वेगळं मत दिलं होतं: मुलगी वयात येऊन स्वतः संमती देईपर्यंत वडिलांनी तिचं लग्न लावू नये. बहुतेक शास्त्रकारांच्या व्याख्येनुसार एक पात्र विद्वानही वेगळा असेल तर इज्मा पूर्ण होत नाही. तरीही अनेक ग्रंथांनी या मुद्द्यावर इज्मा असल्याचं लिहिलं आणि इब्न शुब्रुमांचं मत अपवाद म्हणून बाजूला ठेवलं. ‘इज्मा आहे’ हे वाक्य ग्रंथात दिसलं की विरोधी मताची नोंद कुठे आहे का, हे शोधावं लागतं ते यासाठीच.

ते बाजूला पडलेलं मत पुढे कामी आलं. १९१७ च्या ऑटोमन कौटुंबिक कायद्यात लग्नासाठी किमान वयाची मर्यादा घालताना इब्न शुब्रुमांचाच आधार घेण्यात आला.

आज भारतात काय लागू होतं?

भारतीय न्यायालयं सहसा स्वतः कियास करत नाहीत. १८६४ च्या निकालाने शाफईंचा युक्तिवाद चुकीचा ठरवला नाही की हनफींचा श्रेष्ठ मानला नाही. दोन्ही मतं सारखीच प्रमाण आहेत आणि सज्ञान व्यक्ती एका मतातून दुसऱ्यात जाऊ शकते, एवढ्या आधारावर मुलीचा विवाह टिकला. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित असफ अ. अ. फैजी यांच्या पाठ्यपुस्तकामुळे हा विषय विद्यार्थ्यांच्या पिढ्यांपर्यंत पोहोचला.

त्यानंतर कायदेमंडळाने केलेल्या कायद्यांनी चित्र बदललं. हनफी ग्रंथांत वडिलांनी किंवा आजोबांनी लावलेला बालविवाह मुलीला वयात आल्यावर सहसा नाकारता येत नव्हता. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने ही सूट काढली. वडिलांनी किंवा इतर पालकाने पंधरा वर्षांच्या आत लावून दिलेलं लग्न, शरीरसंबंध आलेला नसेल तर, अठरा पूर्ण होण्याआधी ती नाकारू शकते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात मुलीसाठी वय अठरा आहे. २०१८ मध्ये केरळच्या हादिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान स्त्रीने स्वतः निवडलेला विवाह कायम ठेवला. तिथे आधार राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा होता. हनफी की शाफई या प्रश्नावर तो निकाल उभा नव्हता.

कोकणातल्या शाफई निकाहात मात्र वलीचं स्थान आजही आहे. वडील नसतील तर आजोबा, मग भाऊ, मग काका, असा क्रम लागतो. कोणीच नसेल तर काझी वली होतो.