‘यापूर्वी क्षयरोग झाला होता का?’

नेमणुकीपूर्वी भरायच्या आरोग्य प्रतिज्ञापत्रात हा प्रश्न आला की पेन अडखळतं. समजा, एका तरुणाला 2019 साली फुफ्फुसाचा क्षयरोग झाला, सहा महिने गोळ्या घेतल्या, बरा झाला. आता नोकरी हातात आली आहे. घरचे म्हणतात, ‘नाही’ लिहून टाक, कोणाला कळणार?

कळू शकतं. क्षयरोग बरा झाला तरी फुफ्फुसावर त्याचा व्रण राहू शकतो आणि वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे काढला तर तो दिसतो. मग मुद्दा आजाराचा उरत नाही, खोट्या सहीचा होतो. बऱ्या झालेल्या आजारापेक्षा ती सहीच नोकरीला जास्त धोकादायक. त्याने लिहावं ते असं: ‘हो. 2019, फुफ्फुसाचा क्षयरोग, सहा महिन्यांचे उपचार पूर्ण, सध्या औषध नाही.’ सोबत उपचार पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत. एवढं पुरे. घरात आणखी कोणाला झाला होता, हे विचारलेलं नसेल तर लिहायचं कारण नाही.

प्रश्नाचे शब्दही नीट वाचावेत. ‘सध्या आजार आहे का’ याला त्याचं खरं उत्तर ‘नाही’ आहे. ‘कधी झाला होता का’ याला ‘हो’.

मालकाने काय विचारावं, हे सगळ्या नोकऱ्यांसाठी एकाच जागी सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. कसोटी कामाची. ड्रायव्हरला फिट येतात का, हे विचारणं रास्तच; वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या घोषणापत्रातही तो प्रश्न असतो. हिशेबनिसाला तोच प्रश्न कशाला? एचआयव्हीबाबत मात्र कायदा स्पष्ट आहे: 2017 च्या कायद्यानुसार नोकरी देण्यासाठी ही चाचणी करून घेण्याची अट घालता येत नाही. खासगी कंपन्यांनाही नाही.

प्रश्नच गैर असेल तर? आयुर्विमा महामंडळाच्या अर्जात विवाहित महिलांना मासिक पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, गर्भपात झाला होता का, असे रकाने होते. 1989 मध्ये निवड झालेल्या एका उमेदवाराने ते भरले. पुढे प्रसूतीच्या वेळच्या रुग्णालयाच्या कागदावर पाळीची तारीख वेगळी निघाली आणि खोटी माहिती दिली म्हणून परिवीक्षा काळातच तिला काढून टाकलं. नोकरीआधी महामंडळाच्याच पॅनेलवरच्या डॉक्टरने तिला तंदुरुस्त ठरवलं होतं! 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला कामावर परत घ्यायला लावलं, आणि असे रकाने अपमानास्पद नसले तरी संकोचात टाकणारे नक्कीच आहेत, ते काढून टाकावेत, असं महामंडळाला सुनावलं.

तरी अशा रकान्यात खोटी तारीख लिहू नये. तो कोरा ठेवावा, या माहितीचा कामाशी काय संबंध, हे एचआरला ईमेलवर विचारावं, आणि सही केलेल्या अर्जाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवावी.