एकच फोटो, चार पट्ट्या

बॅनरसाठी निवडलेला फोटो कितीही देखणा असला, तरी बॅनरमध्ये त्याचा फार थोडा भाग उरतो. विकिव्हॉयेज या प्रवासमार्गदर्शक संकेतस्थळावर प्रत्येक गावाच्या पानावर जी आडवी पट्टी असते, तिचे प्रमाण 7:1 आहे, म्हणजे उंचीच्या सातपट रुंदी. साध्या कॅमेऱ्यातला फोटो 6000 पिक्सेल रुंद आणि 4000 उंच धरला, तर पूर्ण रुंदी ठेवूनही पट्टीची उंची 857 पिक्सेलच भरते. जवळजवळ चार-पंचमांश चित्र बाहेर जाते. त्यामुळे कोणता फोटो घ्यायचा, याइतकाच त्यातला कोणता तुकडा घ्यायचा हा प्रश्न मोठा ठरतो.

उदाहरणासाठी राजपुरीच्या किनाऱ्यावरून घेतलेला जंजिऱ्याचा फोटो समोर ठेवू. वर आभाळ, खाली पाणी, मध्ये डावीकडे किल्ल्याची लांब काळी तटबंदी आणि उजवीकडे किल्ल्याच्या दिशेने निघालेली शिडाची होडी. तट लांबीला 3000 पिक्सेल असला तरी उंचीला जेमतेम 200. पूर्ण फोटोत तो एखाद्या रेघेसारखा दिसतो, पट्टीत मात्र त्याला वजन येते. लांब आणि बुटका विषय 7:1 ला मानवतो तो यामुळेच.

कापण्याआधी क्षितिज सरळ करून घ्यावे. 6000 पिक्सेल रुंदीत एका अंशाचा कल म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 105 पिक्सेलचा फरक. 4000 उंचीच्या फोटोत तो नजरेतून सुटतो, पण 857 उंचीच्या पट्टीत तोच फरक उंचीचा आठवा हिस्सा होतो आणि समुद्र एका बाजूला सांडल्यासारखा दिसतो.

आता चार पट्ट्या कापू. ‘अ’मध्ये पूर्ण रुंदी आणि क्षितिज बरोबर मध्यावर. ‘ब’मध्ये पूर्ण रुंदी, पण क्षितिज खाली, त्यामुळे आभाळ जास्त. ‘क’मध्ये क्षितिज वर, पाणी जास्त. ‘ड’मध्ये रुंदी 4200 आणि उंची 600 करून किल्ला आणि होडी जवळ आणलेली, क्षितिज खालीच.

क्रमवारी लावताना आधी उघड दोष असलेल्या पट्ट्या बाद करायच्या. ‘क’मध्ये होडीची डोलकाठी वरच्या कडेला कापली जाते. पाण्यावरची चमक कितीही सुंदर असली तरी तुटलेल्या शिडाकडेच डोळा जातो, म्हणून ‘क’ बाद.

उरलेल्या तिघांना गुण देत बसण्यापेक्षा दोन-दोन समोरासमोर ठेवाव्यात. दहापैकी सात की आठ हे कोणालाच नीट सांगता येत नाही, पण दोघींतली बरी कोणती हे बहुतेकांना सांगता येते. तीन पट्ट्यांच्या तीनच जोड्या होतात. रंग आणि उजेड तिन्हींत सारखाच ठेवायचा, नाहीतर मांडणीऐवजी झगमगाट जिंकतो. पट्ट्या प्रत्यक्ष वापराच्या आकारात पाहायच्या आणि डाव्या कोपऱ्यात वर गावाचे नाव टाकूनच पाहायच्या.

असे केल्यावर ‘अ’ दोन्ही जोड्यांत हरते. आभाळ आणि पाणी सारख्याच वाटणीचे असल्याने डोळा कुठे थांबावा ते ठरत नाही. ‘ब’ आणि ‘ड’ मात्र चुरशीच्या. दोन्हींत तटाच्या वरच्या मोकळ्या आभाळात नाव नीट बसते. पण ‘ड’मध्ये तट पट्टीच्या एक-तृतीयांश उंचीचा होतो, ‘ब’मध्ये चौथाईपेक्षाही कमी. शिवाय होडी कडेजवळून आत येते, किल्ल्याकडे जाते, आणि तिच्या मागोमाग नजरही जाते. ‘ब’मध्ये होडीच्या मागे 1300 पिक्सेल रिकामे पाणी उरते. ‘ड’ पहिली, ‘ब’ दुसरी, ‘अ’ तिसरी.

हा निकाल मोठ्या पडद्यापुरता आहे. मोबाईलवर अनेक ठिकाणी पट्टीच्या दोन्ही बाजू छाटल्या जातात. ‘ड’मध्ये होडी उजव्या कडेपासून 200 पिक्सेलांवरच असल्याने ती छाटणीत सापडते आणि नुसता तट उरतो. ‘ब’मधली होडी थोड्या छाटणीतून वाचते. म्हणून तीच जोडी मोबाईलच्या आकारात पुन्हा पाहिली की क्रम उलटू शकतो.

एखाद्या वेळी ‘अ’ ‘ब’ला हरवते, ‘ब’ ‘ड’ला आणि ‘ड’ पुन्हा ‘अ’ला. असे चक्र तयार झाले, तर बघणाऱ्याने एका जोडीत किल्ल्याचा आकार पाहिलेला असतो आणि दुसऱ्या जोडीत नावाची जागा. अशा वेळी बॅनरने आधी काय दाखवायचे हे एका वाक्यात लिहून जोड्या नव्याने लावाव्यात.

तुमच्या गावाच्या, संस्थेच्या किंवा जत्रेच्या बॅनरसाठी फोटो निवडाल, तेव्हा निदान तीन पट्ट्या कापा, नाव टाका, आणि बॅनर जिथे झळकणार आहे त्याच आकारात त्या समोरासमोर ठेवून मगच एक निवडा.