प्लॅन 300चा, तरी गेम अडखळतो

हॉलमधला टीव्ही घरच्यांनी मालिकांसाठी धरलेला असला, तरी त्यालाच जोडलेल्या पीएस5 वरचा गेम आतल्या खोलीत फोनवर खेळता येतो. त्यासाठी सोनीचं रिमोट प्ले हे ॲप आहे. गेमिंगचा पीसी असेल तर स्टीम लिंक आहे, नाहीतर पीसीवर सनशाइन आणि फोनवर मूनलाइट टाकायचं. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत. पण पहिल्याच संध्याकाळी चित्र फुटतं, बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो, आणि मग बहुतेक जण इंटरनेटचा प्लॅन वाढवायला निघतात. ते पैसे बव्हंशी वाया जातात.

गेम घरातल्याच मशीनवर चालतो. मशीन प्रत्येक चित्र आवळून राउटरकडे देतं आणि राउटर ते फोनला पोचवतो. तुमचं बटण त्याच वाटेनं उलटं जातं. लॉगिन वगैरे सोडलं, तर खेळताना हा सगळा व्यवहार घरातल्या घरात होतो. प्लॅन 40चा असो की 300चा, या वाटेला फरक पडत नाही. वेगही फार लागत नाही. रिमोट प्लेसाठी सोनी किमान 5 एमबीपीएस मागते आणि चांगल्या अनुभवासाठी 15 सुचवते. मूनलाइटवर 1080पी चित्र सेकंदाला 60 फ्रेमनी हवं असेल, तर साधारण 20 पुरतात.

मग यूट्यूब सुरळीत चालतं त्याच वाय-फायवर गेम का अडखळतो? व्हिडिओ काही सेकंद पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मध्ये वाय-फाय क्षणभर दमलं तरी आपल्याला कळत नाही. गेमची पुढची फ्रेम तुम्ही बटण दाबेपर्यंत जन्मालाच आलेली नसते, तर साठवणार काय? 60 फ्रेम म्हणजे दर सुमारे 17 मिलिसेकंदांना एक. ती रांग नेमानं यायला हवी. एखादी फ्रेम 80 मिलिसेकंद अडकली की झटका बसलाच.

आता एक नेहमीचं घर घेऊ. राउटर हॉलमध्ये दाराशी आहे, पीसी बेडरूममध्ये आणि फोन घेऊन तुम्ही त्याच बेडरूममध्ये पलंगावर. पीसी आणि फोन हाताच्या अंतरावर, पण दोन्ही वाय-फायवर. प्रत्येक फ्रेम बेडरूममधून हवेतून हॉलमध्ये जाते आणि त्याच भिंतीतून हवेतूनच परत येते. एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, म्हणून एका फ्रेमला हवेची दुप्पट वेळ लागते. पीसीवर विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाकून बघा (राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला):

```
ping -n 50 192.168.1.1
```

शेवटी येणारी सरासरी बघू नका, Maximum बघा. सरासरी 4 आणि Maximum 120 असेल, तर गेम अडखळणारच.

उपाय अगदी जुनाट आहे: पीसीपासून राउटरपर्यंत लॅनची केबल ओढायची. राउटरचं पोर्ट 100 एमबीपीएसचं असलं तरी 20 सहज मावतात. हवेतला एक टप्पा संपला. मग फोन 5 गिगाहर्ट्झवर जोडायचा. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारी चॅनलं तीनच, 1, 6 आणि 11, आणि इमारतीतले सगळे शेजारी त्यांतच दाटीवाटीनं बसलेले. ब्लूटूथ कंट्रोलरही तिथलाच रहिवासी, वाय-फाय 2.4वर असेल तर बटणंही चुकू लागतात. 5 गिगाहर्ट्झला गर्दी कमी, पण काँक्रीटची भिंत त्याला सोसत नाही.

दोष नेमका कुठे आहे, हे मूनलाइटच्या सेटिंगमधली आकडेवारी चालू केली की खेळतानाच पडद्यावर दिसतं. वाटेत गळालेल्या फ्रेमचं प्रमाण वाढत असेल तर वाय-फाय. ते शून्य असून डिकोडिंगचा वेळ 20 मिलिसेकंदांच्या वर जात असेल, तर फोनच दमतोय. राउटर बदलून काही होणार नाही. चित्र स्वच्छ आहे, आकडेही बरे आहेत, तरी क्रिकेटच्या गेममध्ये फटका उशिरा बसतो, अशी तक्रार मात्र पूर्ण मिटत नाही. चित्र आवळणं, पाठवणं, उलगडणं यात थोडे मिलिसेकंद जाणारच. फायटिंग गेमवाल्यांनी टीव्हीसमोरच बसावं हे बरं; शेतीचा किंवा पाळीपाळीनं खेळायचा गेम फोनवर झकास चालतो.

भिंतीमुळे 5 गिगाहर्ट्झ पोचतच नसेल, तर रिझोल्यूशन 720पी आणि बिटरेट 10 एमबीपीएस करून बघा. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर तो फरक फारसा जाणवत नाही. स्वस्तातला रिपीटर मात्र एवढ्यासाठी घेऊ नका. तो आलेली प्रत्येक फ्रेम हवेतूनच पुन्हा पाठवतो, म्हणजे केबल ओढून जो टप्पा वाचवला तोच परत येतो.